स्क्रीनशॉटचा ट्रिगर खेळायच्या काचेवर नकोच

प्रश्न: "दादा, फोनवर खेळताना भर फाइटमध्ये आपोआप स्क्रीनशॉट निघतात आणि कॅरेक्टर मध्येच थांबतो. आणि मुद्दाम काढायला गेलो तर फोटो मोडमध्येसुद्धा कुठलंतरी बटण नाहीतर व्हॉल्यूमची पट्टी मध्ये येते. तीन बोटांचं जेश्चर चालू ठेवून हे टाळता येतं का?"

नाही, ते चालू ठेवून नाही टाळता येत, निदान ज्या गेममध्ये दोनपेक्षा जास्त बोटं काचेवर असतात तिथे तरी नाहीच. तू दोन तक्रारी सांगितल्यास ना, नको तेव्हा निघतो ही एक आणि हवा तेव्हा घाण निघतो ही दुसरी, पण मुळात त्यांचं कारण एकच आहे. ज्या काचेवर तू खेळतोयस त्याच काचेवर तू स्क्रीनशॉटचा ट्रिगर ठेवलायस. तो तिथून उचलला की दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात. मी बरीच वर्षं फोनवरच गेमचे फोटो काढतोय आणि सुरुवातीचे कितीतरी चांगले क्षण याच एका चुकीपायी घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते आपोआप का निघतात ते समजून घे. तीन बोटांचं जेश्चर म्हणजे सिस्टिम सतत मोजत असते की काचेवर किती बोटं आहेत आणि ती कुठल्या दिशेला सरकतायत. तिसरं बोट टेकलं आणि तिन्ही खाली सरकली की तिला वाटतं तू स्क्रीनशॉट मागितलास. आता तू खेळतोस कसा ते आठव. डावा अंगठा जॉयस्टिकवर, उजवा अंगठा कॅमेरा फिरवतोय, तर्जनी फायरवर. झाली की तीन बोटं. समोरचा खाली उडी मारतो म्हणून तू कॅमेरा खाली ओढतोस, त्याच वेळी मागे सरकायला जॉयस्टिकही खाली, आणि फायरचं बोट जरा घसरतं. सिस्टिमच्या नजरेत हा शंभर टक्के स्क्रीनशॉटच आहे, तिची काही चूक नाही.

कॅरेक्टर थांबतो त्याचं कारणही इथेच आहे. सिस्टिमने जेश्चर ओळखलं की ती गेमला सांगते की हे टच आता माझे, तू विसर. अँड्रॉइडमध्ये याला ACTION_CANCEL म्हणतात. गेमला कळतं ते एवढंच की सगळी बोटं उचलली गेली, म्हणून जॉयस्टिक मध्यावर परत येतं आणि फायर बंद होतं. तुझी बोटं मात्र काचेवरच असतात, म्हणून तुला वाटतं फोन हँग झाला किंवा नेट गेलं. परत बोट उचलून टेकवलं की सगळं नीट चालतं, हीच याची खूण. नेटचा प्रॉब्लेम असता तर बोट उचलून काही फरक पडला नसता.

खात्री करून घ्यायची असेल तर गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा. जॉयस्टिक दाबून पळत रहा, उजव्या अंगठ्याने कॅमेरा धर, तिसरं बोट टेकव आणि तिन्ही हळूच खाली सरकव, असं दहा वेळा कर. किती वेळा कॅरेक्टर थांबला ते मोज. मग जेश्चर बंद करून तेच दहा वेळा कर. दुसऱ्या खेपेला एकदाही थांबला नाही तर शोध संपला.

आमच्या टीममधल्या एकाची गंमतच वेगळी होती, तो म्हणायचा मी दोनच अंगठ्यांनी खेळतो, तीन बोटं येतीलच कशी. त्याच्या फोनवर आम्ही Developer options चालू केले, म्हणजे About phone मध्ये Build number वर सात वेळा टॅप केलं, आणि तिथलं Pointer location ऑन केलं. मग काचेवर जिथे जिथे स्पर्श होतो तिथे रेघा दिसायला लागतात आणि वर कोपऱ्यात P: 2 / 2 असं काहीतरी येतं, पहिला आकडा म्हणजे आत्ता किती स्पर्श चालू आहेत तो. त्याला म्हटलं नेहमीसारखा खेळ आणि आम्ही वरचा आकडा बघत बसलो. नीट चाललं होतं, आणि तो जरा ताणात आला, पकड घट्ट झाली, तसा आकडा 3 झाला. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा जाड भाग काचेच्या कडेवर टेकत होता. फोनची काच कडेला वळलेली होती त्यामुळे त्याला ते कधी जाणवलंच नव्हतं. तर तू दोन बोटांनी खेळत असशील तरी हे एकदा बघून घे. आणि बघून झालं की Pointer location आठवणीने बंद कर, नाहीतर त्या रेघाच पुढच्या शॉटमध्ये येतील. Developer options पण बंद करून टाक, काही ॲप्सना ते चालू असलेले चालत नाहीत.

बंद कुठे करायचं ते फोनप्रमाणे बदलतं. शाओमीच्या फोनमध्ये Additional settings मध्ये Gesture shortcuts असतं, तिथे Take a screenshot मध्ये सापडेल. मोटोरोलामध्ये ते तीन बोटं टेकवून धरून ठेवायचं असतं आणि ते Gestures च्या यादीत मिळतं. सॅमसंगमध्ये तीन बोटांचं नाही, तळहाताची कड काचेवरून फिरवायचं आहे, Advanced features मध्ये Motions and gestures मध्ये Palm swipe to capture. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये screenshot टाइप कर, व्हर्जन बदललं की जागा बदलते पण सर्चमध्ये येतंच. एक मात्र बघ, काही फोनमध्ये तीन बोटांनी धरून ठेवलं की अर्ध्या स्क्रीनचा शॉट असं दुसरं जेश्चर त्याच पानावर असतं. पहिलं बंद केलं आणि हे चालू राहिलं तर त्रास तसाच चालू राहतो आणि माणूस म्हणतो बंद करून पण काही झालं नाही. दोन्ही बंद कर.

काहीजण म्हणतात गेम मोडमध्ये जेश्चर आपोआप बंद होतात. काही फोनमध्ये होतात, पण गेम त्या मोडच्या यादीत असला तरच, आणि अपडेटनंतर यादी बदललेलीही मी बघितली आहे. त्याच्या भरवशावर राहू नको, मुळातूनच बंद कर.

आता मुख्य गोष्ट, मग स्क्रीनशॉट काढायचा कशाने. इथे मी दोन वेगळी कामं मानतो. एक म्हणजे चालू खेळातला क्षण, जो परत येणार नाही. दुसरं म्हणजे फोटो मोडमध्ये जाऊन निवांत रचलेला फोटो. दोन्हीला एकच ट्रिगर वापरायला गेलास की दोन्ही बिघडतात.

चालू खेळासाठी बाजूची बटणं. कंटाळवाणं वाटेल पण हाच ट्रिगर काचेपासून पूर्ण लांब आहे. अँड्रॉइडमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन. व्हॉल्यूमची पट्टी का येते ते सांगतो, म्हणजे टाळता येईल. तू व्हॉल्यूम डाउन दाबलंस की अँड्रॉइड लगेच आवाज कमी करत नाही, साधारण 150 मिलिसेकंद थांबून बघतं की पॉवरपण येतंय का. आलं तर स्क्रीनशॉट, नाही आलं तर साधं आवाज कमी करणं, आणि पट्टी स्क्रीनवर. म्हणजे दोन बटणांमध्ये सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागापेक्षा जास्त अंतर पडलं की गडबड. उलटं झालं, पॉवर खूप आधी दाबून सोडलं, तर स्क्रीनच बंद, आणि ऑनलाइन मॅचमध्ये हे फार महागात पडतं. म्हणून एक दाबून मग दुसरं अशी सवयच नको, दोन्ही एकदम चिमटीत पकडल्यासारखी दाबायची. फोन आडवा धरताना बटणांची बाजू वर येईल असा धर, म्हणजे एकाच हाताची तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही बटणांवर आधीच टेकलेली ठेवता येतात. गेम बंद ठेवून होम स्क्रीनवर वीस-पंचवीस वेळा सराव कर, पट्टी एकदाही न येता दहा लागोपाठ निघाले की हात बसला समज.

पॉवर दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो असं बऱ्याच फोनमध्ये असतं, ते पण बंद करून टाक. घाईत पहिला शॉट चुकला म्हणून माणूस लगेच परत दाबतो आणि गेमवरून थेट कॅमेऱ्यात जाऊन पडतो.

आयफोनवर साइड बटण आणि व्हॉल्यूम अप, ही दोन्ही समोरासमोरच्या कडांवर आहेत. फोन आडवा धरला की एक वर येतं एक खाली, आणि पकड घट्ट झाली की नकळत दोन्ही दाबली जातात. आयफोनवर नको ते शॉट जास्त करून असेच निघतात, त्याचा जेश्चरशी संबंध नसतो. उपाय साधा आहे, फोन 180 अंशात फिरवून बघ, म्हणजे बटणांची टोकं दुसऱ्या हातात जातात. ज्या हाताला कमी काम आणि ज्याची पकड सैल त्या हाताकडे ती ठेवायची. आणि शॉट काढताना दाबून लगेच सोडायचं, धरून ठेवलं तर फोन बंद करायचा स्लायडर येतो.

मागच्या बाजूला टॅप करून शॉट काढायची सोय पण आहे. आयफोन 8 पासून पुढे, iOS 14 पासून, Accessibility मध्ये Touch मध्ये Back Tap. पिक्सेलमध्ये Android 12 पासून बऱ्याच मॉडेलला Quick Tap, System मधल्या Gestures मध्ये. काचेला हात लागत नाही म्हणून ही कल्पना छान वाटते, पण फोन ते मोशन सेन्सरने ओळखतो, म्हणजे मागच्या बोटांची हालचाल, फोन मांडीवर आपटणं, हे सगळं त्याला टॅपसारखं वाटू शकतं. आयफोनवर ठेवायचंच असेल तर Double नको, Triple Tap ला ठेव. पिक्सेलमध्ये जोरात टॅप लागेल असं एक सेटिंग त्याच पानावर आहे, ते ऑन कर. तरी माझं मत विचारशील तर धावपळीच्या गेमला हे नको, शांत गेमला चालेल.

वेळेबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. शॉट निघतो तो ट्रिगर पूर्ण झाल्यावर, तू ठरवलंस तेव्हा नाही. माणसाला डोळ्याने बघून बोट दाबायला साधारण पाव सेकंद लागतो. गेम 60 एफपीएसवर असेल तर तेवढ्यात 15 फ्रेम निघून जातात, 30 वर असेल तर सात-आठ. तलवार लागली, ठिणग्या उडाल्या, आणि ते बघून तू दाबलंस तर तुला ठिणग्या विझल्यावरचा धूर मिळतो. तीन बोटं ओढण्यात तर आणखी वेळ जातो. म्हणून बघून दाबायचं नाही, अंदाजाने आधी दाबायचं. तोच मूव्ह चार वेळा बघ, हात उचलल्यापासून लागेपर्यंत किती वेळ जातो ते डोक्यात बसव आणि हात खाली यायला लागला की दाब.

आणि जो क्षण दुसऱ्यांदा येणारच नाही त्याला स्क्रीन रेकॉर्डिंग लाव आणि मागाहून फ्रेम काढ. पण त्याची किंमत माहीत असू दे. व्हिडिओ कॉम्प्रेस होतो, त्यामुळे गवत, धूर, पाऊस, अशा बारीक हलत्या गोष्टींमध्ये चौकोनी ठोकळे दिसतात, आणि गडद आकाशात पट्टे पडतात. त्याच क्षणाचा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओतली फ्रेम शेजारी ठेवून झूम केलंस की लगेच कळतं. वर सतत रेकॉर्डिंगने फोन तापतो आणि गेमच अडखळायला लागतो. म्हणून मी ते फक्त बॉसच्या शेवटच्या टप्प्याला चालू करतो, पूर्ण वेळ नाही.

आता फोटो मोड, तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे लोक म्हणतात आता काय, गेम शांत आहे, आता तीन बोटं ओढली तर काय बिघडलं. बिघडतं ते असं. बहुतेक फोटो मोडमध्ये सगळी बटणं लपवायची सोय असते, आणि लपवल्यानंतर परत आणायला स्क्रीनवर कुठेही टच केलं की पुरतं. म्हणजे तू सुंदर फ्रेम लावलीस, बटणं लपवलीस, आणि मग तीन बोटं टेकवलीस. पहिलं बोट टेकलं त्या क्षणी गेमला टच मिळाला. सिस्टिमला तीन बोटं आहेत हे कळायच्या आधीच गेमने बटणं परत आणली, किंवा कॅमेरा थोडासा सरकला. शॉट निघतो तो बटणांसकट. लोक म्हणतात फोटो मोड खराब आहे. खराब काही नाही, टच गेमला मिळतो एवढंच.

म्हणून फोटो मोडमध्ये असा ट्रिगर हवा ज्याचा टच गेमपर्यंत पोचतच नाही. यासाठी तरंगतं बटण चांगलं. आयफोनवर AssistiveTouch चालू कर आणि त्याच्या Custom Actions मध्ये Single-Tap ला नको, Double-Tap ला Screenshot लाव. ते बटण स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, सिस्टिम ते स्वतःच वगळते. सॅमसंगच्या गेम बूस्टरमध्ये आणि पिक्सेलच्या गेम डॅशबोर्डमध्ये स्क्रीनशॉटचं बटण मिळतं. हे बटण गेमच्या वर वेगळ्या थरात असतं, त्यावरचा टच खाली गेमला जात नाही, म्हणून लपवलेली बटणं लपलेलीच राहतात. तुझ्या फोनचं बटण शॉटमध्ये येतं का नाही ते एकदा काढून झूम करून बघ. येत असेल तर बाजूची बटणं आहेतच, तुझा हात आता बसलेला असेल.

एक पूर्ण उदाहरण घेऊ म्हणजे क्रम लक्षात येईल. समज गेन्शिन इम्पॅक्टमध्ये कड्यावर उभ्या असलेल्या कॅरेक्टरचा संध्याकाळचा फोटो हवाय. मी कॅमेऱ्याला हातच लावत नाही आधी, सेटिंग्जमधल्या ग्राफिक्समध्ये जातो. तिथे Render Resolution असतं. फोनचा स्क्रीनशॉट नेहमी स्क्रीनच्या पूर्ण मापाचा निघतो, त्यामुळे वाटतं क्वालिटी उत्तम आहे, पण गेम आतमध्ये कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते ताणून मोठं करत असेल तर फाइल मोठी आणि चित्र मऊ असं होतं. केसांच्या टोकांवर आणि लांबच्या झाडांच्या फांद्यांवर बघ, पायऱ्या-पायऱ्या दिसल्या की समज हे ताणलेलं आहे. म्हणून फोटोपुरतं ते वर न्यायचं आणि Motion Blur बंद करायचं. फोन तापेल, पण आपल्याला पाचच मिनिटं हवीयत, नंतर परत खाली आणायचं.

मग डू नॉट डिस्टर्ब. फ्रेम लागलेली असताना वरून मेसेजची पट्टी उतरते तेव्हा जी चिडचिड होते ती मी बऱ्याचदा अनुभवली आहे. एफपीएस दाखवणारा आकडा चालू असेल तर तोही बंद. गेम बाजूला ठेवून हे सगळं नंतर करायला गेलास की प्रकाश निघून जातो, म्हणून आधी.

आता कॅरेक्टरला जागेवर उभं कर आणि पायमोन मेनूतल्या घड्याळातून वेळ बदल. मी 17 ला लावतो, 18 ला नाही. कारण या गेममध्ये एक तास म्हणजे आपलं एक मिनिट. 17 ला लावलं की मेनूतून बाहेर येणं, फोटो मोड उघडणं, कोन लावणं यात जो वेळ जातो तेवढ्यात प्रकाश आपोआप तांबूस होत जातो आणि तो बदलत असतानाच आपण तयार असतो. थेट 18 ला लावणारे कोन लावेपर्यंत अंधार करून बसतात आणि परत घड्याळ फिरवतात.

पायमोन मेनूतच कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, तिथून फोटो मोड उघडतो. आधी पोझ आणि चेहऱ्याचा भाव निवड, मग झूम, आणि कॅमेऱ्याचा कोन सगळ्यात शेवटी, कारण पोझ बदलली की कपडे आणि केस वेगळे पडतात आणि आधी लावलेली फ्रेम वाया जाते. पोझमध्ये हालचाल असते, तर ती एकदा पूर्ण होऊ दे आणि कपडा कुठल्या क्षणी उडतो ते बघून ठेव. मग हात काचेवरून पूर्ण उचल. दोन सेकंद थांब. हे थांबणं महत्त्वाचं, कॅमेरा फिरवल्यावर तो जरासा घसरत जाऊन स्थिर होतो आणि तेवढ्यात काढलं तर क्षितिज तिरकं येतं. मग शॉट, एकच नाही, पोझच्या वेगवेगळ्या क्षणांना पाच-सहा.

गेमचं स्वतःचं शटर बटण पण आहे आणि ते वापरलंस तर सिस्टिमच्या ट्रिगरची गरजच नाही, मी पण आधी तेच दाबतो. सिस्टिमचा शॉट मी जोडीला घेतो. सिस्टिमच्या शॉटमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात तुझा UID दिसू शकतो, तो टाकण्याआधी बघ आणि कापून टाक. फ्रेम लावतानाच खाली थोडी मोकळी जागा सोडली की कापताना पाय जात नाहीत.

दोन शॉटच्या मध्ये अजून एक नको तो ट्रिगर लपलेला असतो, तो म्हणजे शॉट काढल्यानंतरची छोटी प्रिव्ह्यू. iOS 26 च्या आधीच्या आयफोनवर ती खाली डाव्या कोपऱ्यात येते, म्हणजे बरोबर जॉयस्टिकच्या जागी. चालू खेळात शॉट काढलास आणि अंगठा परत टेकवलास की गेमऐवजी एडिटर उघडतो. डावीकडे ढकलून ती घालवता येते, पण खेळात त्याला वेळ कुठे, म्हणून शॉट काढायच्या आधी कॅरेक्टर आडोशाला नेऊन ठेवायचा किंवा दोन-तीन सेकंद डावा अंगठा त्या कोपऱ्यात न्यायचा नाही. सॅमसंगमध्ये शॉटनंतर येणारा टूलबार पूर्ण बंद करता येतो, Advanced features मध्ये स्क्रीनशॉटच्या सेटिंगमध्ये. तिथेच वरची स्टेटसची आणि खालची नॅव्हिगेशनची पट्टी शॉटमधून लपवायचं पण आहे, तेही ऑन कर.

कडांबद्दल थोडक्यात. फुल स्क्रीन गेममध्ये कडेवरून पहिल्यांदा ओढलं की अँड्रॉइड फक्त पट्ट्या दाखवतं, दुसऱ्यांदा ओढलं की खरंच बाहेर पडतं. बऱ्याच गेममध्ये आयफोनवरही तसंच, पहिल्या ओढीला खालची रेघ ठळक होते. त्यामुळे फोटो मोडमध्ये चुकून कडेला हात लागला आणि पट्टी दिसली तर लगेच शॉट काढू नको, काही सेकंद हात न लावता थांब, ती आपणहून जाते. आयपॅडवर खालच्या कोपऱ्यातून बोट आत ओढलं की स्क्रीनशॉट असं एक जेश्चर आहे, आयपॅडवर खेळणाऱ्यांचे नको ते शॉट बहुतेक याच्यामुळे. सेटिंग्जमध्ये Corner शोधलं की सापडतं, बंद कर.

कॉम्प्युटर जवळ असेल आणि अगदीच हट्टाने स्वच्छ शॉट हवा असेल तर फोनला हातच न लावता काढता येतो. अँड्रॉइड फोनवर Developer options मधलं यूएसबी डीबगिंग ऑन करून केबल लावायची आणि adb हे टूल टाकलेल्या कॉम्प्युटरवर हे चालवायचं:

```
adb exec-out screencap -p > shot.png
```

विंडोजवर हे जुन्या पॉवरशेलमध्ये चालवू नको, साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालव, पॉवरशेल ती फाइल लिहिताना बिघडवतो आणि मग ती उघडतच नाही. यात ना व्हॉल्यूमची पट्टी, ना प्रिव्ह्यू, ना बोटाचा धक्का, आणि फाइल थेट पीएनजी. फक्त क्षण पकडायला हे कामाचं नाही, कारण चित्र तयार होऊन यायला वेळ लागतो. रचलेल्या स्थिर फोटोला मात्र यासारखं काही नाही.

रंगांचं एक राहिलं. रात्री खेळताना डोळ्यांसाठी पिवळट मोड चालू असेल तर बहुतेक फोनवर तो पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, तो फक्त डिस्प्लेवर असतो. मग तुला संध्याकाळ छान तांबूस दिसते आणि दुसऱ्याला पाठवलेला फोटो निळसर असतो. फोटो काढताना तो मोड बंद ठेव, म्हणजे जे दिसतंय तेच मिळेल.

तुझ्यासाठी क्रम असा: आज तीन बोटांचं आणि त्याच पानावर असलं तर अर्ध्या स्क्रीनचं जेश्चर बंद कर, ट्रेनिंग ग्राउंडमध्ये दहा-दहा वेळांची ती परीक्षा घे, आणि बाजूच्या बटणांचा सराव कर. परीक्षेनंतरही कॅरेक्टर थांबत असेल तर फोनचं मॉडेल आणि Pointer location चा आकडा किती येतो ते लिही, मग तळहात टेकतोय की दुसरं काही ते बघू.